नानीची पॅसेंजर आणि ‘महिन्याचे किती?’

रमजान ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन आमच्या दूल्हेभाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, “ते चित्रांचं ठीक आहे, पण महिन्याचे किती येतात?” प्रश्न माझ्या भाचीला होता, पण सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. कारण तीन वर्षांपूर्वी ‘ऑनलाइन टाक, लोक बघतील, पैसे येतील’ असं तिला सांगणारा मीच होतो. त्या दिवशी मी विषय बदलला. आज हिशेबासह उत्तर देतो. त्यात माझ्या चुकाही आहेत.

भाची गोंदियात राहते आणि शिकवण्या घेते. रात्री टॅबलेटवर एक कॉमिक काढते. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये एक नानी आणि तिची नात बसलेल्या असतात, आणि प्रत्येक भागात डब्यातलं एक संभाषण असतं. सौंदडला कुणी चढतं, अर्जुनीला कुणी उतरतं, तांदळाचे कट्टे, मोहाची फुलं, नागपूरच्या दवाखान्याची फाईल. नानी सगळ्यांना सल्ले देते आणि बहुतेक सल्ले चुकतात. ही नानी म्हणजे माझी अम्मी, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तस्वीर काढावी की नाही हा मसलाही एकदा घरात निघाला होता, तो मी इथे सोडवायला बसत नाही. अम्मीची तक्रार एवढीच होती की, माझं नाक इतकं मोठं नाही.

माझी पहिली चूक ही की मी ‘बघणारे’ आणि ‘वाचणारे’ यांना एकच समजलो.

बाविसावा भाग इन्स्टाग्रामवर अचानक धावला. त्यात नानी खिडकीची जागा मागते आणि समोरचा तरुण आधी नाही म्हणतो. चार दिवसांत दोन लाख ऐंशी हजार वेळा तो पाहिला गेला. मी जिथे जाईन तिथे हा आकडा सांगत होतो. भाचीने मात्र दुसरे आकडे वहीत लिहून ठेवले होते. त्या चार दिवसांत तिचे फॉलोअर साधारण नऊशेने वाढले आणि प्रोफाइलमधल्या दुव्यावरून तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर एकशेचाळीस लोक गेले. त्यातल्या किती जणांनी तेविसावा भागही वाचला? एकतीस. बाकीचे खाली नानीच्या बुरख्यावर वाद घालत होते. खिडकीच्या जागेची गोष्ट दोन्ही बाजूंच्या भांडणाऱ्यांनी वाचलीच नव्हती. मालिका म्हणजे पुढच्या भागाची वाट बघणारा माणूस. तो दोन लाखांच्या त्या गर्दीत जवळजवळ नव्हता.

आठवड्याभराने तेच चित्र आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं. खालची पट्टी कापलेली होती, तिथे भाचीचं नाव होतं. वर कुठल्यातरी विनोदी पेजचा शिक्का. माझ्या अम्मीचं नाक मला अनोळखी माणसाच्या नावाने फॉरवर्ड झालं! मी चिडलो, पोलिसांत जाऊ म्हणालो. भाचीने शांतपणे पुढच्या भागापासून आपल्या संकेतस्थळाचा पत्ता चित्राच्या आत नेला. कधी तो डब्यावरच्या गाडीच्या पाटीवर असतो, कधी फलाटावरच्या पिवळ्या फलकावर, कधी नानीच्या पिशवीवर. कोपऱ्यातली सही कापता येते. पण गोष्टीतली पाटी कापली तर चौकटीचा अर्थच जातो. तेव्हापासून फॉरवर्ड झालेला प्रत्येक भाग थोडेफार लोक परत घेऊन येतो.

आता जाहिरातींबद्दल, कारण ‘यूट्यूबवाले कमावतात, मग ही का नाही’ हा प्रश्न दर लग्नात कुणीतरी विचारतोच. इन्स्टाग्रामवर साधं चित्र टाकलं तर शेजारी दिसणाऱ्या जाहिरातीतला पैसा चित्रकाराला मिळत नाही. दोन लाख ऐंशी हजारांचे आले शून्य रुपये. उभ्या स्क्रोलच्या कॉमिक्ससाठी जगभर चालणारं वेबटून आहे. तिथे कुणीही ‘कॅन्व्हस’ विभागात आपली मालिका टाकू शकतो. जाहिरातीत वाटा हवा तर तिथली जुनी प्रसिद्ध अट होती एक हजार सदस्य आणि महिन्याला चाळीस हजार वाचनं. तिथे मराठीला घर नाही म्हणून भाचीने आठ भाग इंग्रजीत करून टाकले. नानीचं ‘काहून वं पोरी’ इंग्रजीत गेलं आणि तिथेच मेलं. भाग नीट होते, पण डब्यात नुसती एक म्हातारी बाई बसलेली होती. तिने ते बंद केलं, आणि माझ्या मते योग्य केलं.

उरलं स्वतःचं संकेतस्थळ आणि गुगलचं ॲडसेन्स. ॲडसेन्सने २०१८ मध्ये मराठीला आधार दिला, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. तरी पहिला अर्ज नाकारला गेला. कारण दिलं होतं, मजकुराला पुरेसं मूल्य नाही. भाची दोन दिवस उदास होती. पाच-पाच रात्री जागून काढलेल्या भागाला मूल्य नाही? भानगड वेगळीच होती. प्रत्येक पानावर एक शीर्षक आणि एक लांब चित्र होतं. संवाद चित्राच्या आत होते. यंत्राच्या लेखी ते पान जवळजवळ कोरं होतं. मग तिने प्रत्येक भागाखाली सगळे संवाद टाइप करून घातले आणि त्या स्टेशनाबद्दल दहा-बारा ओळी लिहिल्या. दुसरा अर्ज मंजूर झाला. याचा एक फायदा ध्यानीमनी नव्हता. ‘सौंदड’ किंवा ‘अर्जुनी मोरगाव’ शोधणारे लोक गुगलवरून तिच्या नानीपर्यंत पोचू लागले. दृष्टी नसलेल्या एका गृहस्थांनी फोनकडून संवाद वाचून घेतल्याचं तिला कळवलं.

पैशांचं सांगतो. महिन्याला सहा हजारांच्या आसपास पानं बघितली जात होती आणि दर हजारी सरासरी चाळीस सेंट पडत होते. म्हणजे महिन्याला सुमारे अडीच डॉलर. खात्यात दहा डॉलर झाले की ॲडसेन्स घरच्या पत्त्यावर पिन असलेलं पत्र पाठवतं. ते यायला चार महिने लागले. शंभर डॉलर झाल्याशिवाय पैसे बँकेत जमा होत नाहीत. या वेगाने शंभर व्हायला तीन वर्षांहून जास्त लागतील. त्यात झटपट कर्जाच्या जाहिराती नानीच्या शेजारी झळकू लागल्या. भाचीने त्या सेटिंगमध्ये जाऊन बंद केल्या. थोडं आणखी कमी झालं. झालं तर झालं. व्याजाने घर बुडालेल्या बाईचा भाग वाचताना शेजारी ‘पाच मिनिटांत कर्ज’ दिसावं, हे मलाही बघवलं नसतं.

माझी दुसरी चूक जास्त महाग होती. टी-शर्टची.

मीच म्हणालो की नानीचा चेहरा छापू आणि विकू. अठरा हजार रुपये दिले. स्क्रीन प्रिंटिंगवाला प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन करतो, त्यामुळे थोडे नग परवडत नाहीत. साठ काढले, मध्यम, मोठा आणि त्याहून मोठा अशा तीन मापांत. विकले गेले तेवीस. लोकांना नानी आवडते, पण छातीवर दुसऱ्याची नानी घालून गोरेलाल चौकात फिरावंसं कुणाला वाटत नाही. हे मला साठ टी-शर्ट छापल्यावर समजलं. मागणीप्रमाणे एकेक छापून देणाऱ्या कंपन्या आहेत, तिथे आधी गुंतवणूक लागत नाही, पण छपाई आणि कुरिअर जाऊन एका शर्टामागे पन्नास-साठ रुपये उरतात आणि कापडाचा दर्जा आपल्याला बघायला मिळत नाही.

आणि मग बालाघाटची ऑर्डर आली. बालाघाट आम्हाला नागपूरपेक्षा कितीतरी जवळ, आमच्या अर्ध्या सोयरिकी तिकडे. पण ते मध्य प्रदेश. ओळखीच्या सीएने सांगितलं की कर लागू असलेली वस्तू दुसऱ्या राज्यात विकायची तर उलाढाल कितीही लहान असो, सर्वसाधारणपणे जीएसटीची नोंदणी लागते. वीस लाख, चाळीस लाख या सवलती आपण ऐकतो त्या इथे कामी येत नाहीत. पुण्यातल्या माणसाला याचा त्रास वर्षातून दोनदा होईल. गोंदियाच्या एका अंगाला मध्य प्रदेश, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. आमचा निम्मा वाचक ‘परराज्यातला’! नोंदणी घेतली की विक्री असो-नसो, विवरणपत्रं भरत बसा. तेवीस टी-शर्टांसाठी?

त्याच सीएने जाता जाता एक गोष्ट सांगितली, आणि पुढचा सगळा मार्ग तिथून निघाला. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. करमुक्त वस्तू दुसऱ्या राज्यात पाठवण्यासाठी ही सक्ती येत नाही. टी-शर्ट बालाघाटला जाऊ शकत नव्हता, पुस्तक जाऊ शकत होतं.

इथे मला रोहन चक्रवर्ती यांच्याबद्दल सांगायला हवं. ते नागपूरचे, शिक्षणाने दंतवैद्य. त्यांची ‘ग्रीन ह्यूमर’ ही वन्यजीवांवरची व्यंगचित्रमालिका इंटरनेटवर वाढली आणि २०१३ पासून ‘गोकॉमिक्स’ या अमेरिकी संकेतस्थळावर गेली. आपल्या नागझिऱ्याच्या पाणवठ्यावर अंघोळ करणारी वाघीण पाहिली आणि आपली दिशा बदलली, असं ते सांगतात. दातांचा दवाखाना सुटला, मध्ये बेंगळुरूला ॲनिमेशनची नोकरी झाली आणि शेवटी पूर्णवेळ व्यंगचित्रं. गोंदिया जिल्ह्यातल्या जंगलाने एक वेब-कॉमिक जगाला दिलं, हे आपल्याच लोकांना फारसं माहीत नाही.

मी त्यांचं उदाहरण भाचीला सुरुवातीला चुकीच्या कारणासाठी दिलं होतं, ‘बघ किती प्रसिद्ध झाले’ म्हणून. बघायला हवं होतं ते वेगळंच. इंटरनेटवरचे त्यांचे कॉमिक्स फुकट वाचता येतात. पण तीच चित्रं वर्तमानपत्रांच्या स्तंभांत जातात, पुस्तकांत जातात. बीएनएचएसने आणि पेंग्विनने त्यांची पुस्तकं काढली. निसर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या संस्था त्यांच्याकडून पोस्टर, पुस्तिका आणि वन्यजीवांचे चित्र-नकाशे करून घेतात. म्हणजे एकच रेघ अनेक ठिकाणी कामाला येते, आणि फुकटची मालिका ही त्या सगळ्याची पाटी असते. ज्याला नकाशा हवा आहे तो ती पाटी वाचून येतो. फरकही आहे. ते इंग्रजीत लिहितात आणि बेडूक, धनेश, वाघ यांना राज्याची सीमा नसते. आमच्या नानीला बोलीची सीमा आहे. त्यामुळे त्यांचा विषय नाही, पद्धत घेण्यासारखी होती.

भाचीने पुस्तक करायचं ठरवलं आणि पहिल्याच आठवड्यात थांबली. फोनसाठी ती प्रत्येक भाग १०८० पिक्सेल रुंदीचा काढत होती. पडद्यावर सुरेख. पण ए-फाइव्ह आकाराचं पान म्हणजे १४८ मिलीमीटर रुंद, आणि स्वच्छ छपाईला इंचामागे तीनशे ठिपके धरले तर रुंदी साधारण १७५० पिक्सेल हवी. १०८० मध्ये इंचामागे १८५ च पडतात. नानीचा चेहरा कसाबसा चालला असता, पण फुग्यातली अक्षरं, विशेषतः मात्रा आणि रफार, कडेला फुटत होती. मोठी मूळ फाईल असती तर प्रश्न नव्हता. पण पहिल्या चौदा भागांच्या मूळ फाईली टॅबलेटमध्ये जागा नाही म्हणून तिने पुसल्या होत्या. उरली होती फक्त चित्र आणि अक्षरं एकत्र मुरलेली जेपीजी. चौदा भाग पुन्हा काढावे लागले. अडीच महिने गेले. आता ती सुरुवातच ३५०० पिक्सेल रुंदीवर करते, अक्षरं वेगळ्या थरात ठेवते आणि इंटरनेटसाठी लहान प्रत काढते. त्यामुळे फक्त अक्षरांचा थर बदलून त्याच चित्रावर हिंदी प्रतही निघते. नवीन काढणाऱ्या कुणालाही मी ही एकच गोष्ट पहिल्या दिवशी सांगेन.

फॉन्टचंही बघावं लागलं. इंटरनेटवर कुठूनतरी उतरवलेला फॉन्ट फुकटच्या कॉमिकमध्ये कुणी विचारत नाही. विकायच्या पुस्तकात त्याचा परवाना लागतो. मुंबईच्या एक टाइपने केलेले ‘बलू’ आणि ‘मुक्त’ हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, छापून विकायलाही चालतात. तिने बलू घेतला. त्याची गोलाई नानीला शोभते.

छापण्याआधी पैसे गोळा करायचे हे टी-शर्टाने शिकवलं होतं. आता तीन हजार फॉलोअर होते आणि वहीत चारशे बारा फोन नंबर होते. हे नंबर तिने दीड वर्षात जमवले. प्रत्येक भागाखाली एक ओळ असायची, की पुढचा भाग व्हॉट्सॲपवर हवा असेल तर हा नंबर सेव्ह करून नाव कळवा. ‘सेव्ह करून’ हे महत्त्वाचं, कारण ब्रॉडकास्टचा संदेश तुमचा नंबर ज्याच्याकडे सेव्ह आहे त्यालाच पोचतो. एका यादीत २५६ नंबर मावतात, म्हणून दोन याद्या.

पुस्तकाची घोषणा दोन्हीकडे एकाच दिवशी केली. किंमत एकशेसाठ, टपाल वेगळं, पैसे यूपीआयने आधी. इन्स्टाग्रामच्या तीन हजारांतून नऊ जणांनी पैसे भरले. चारशे बारा नंबरांतून एकशे अठ्ठावीस जणांनी. मला तो आकडा दोनदा तपासावासा वाटला. त्या लोकांत अर्जुनीचे एक निवृत्त स्टेशनमास्तर होते, सौदीत नोकरी करणारा एक मुलगा होता ज्याने पुस्तक आईच्या पत्त्यावर मागवलं, आणि बालाघाटची तीच बाई होती जिला टी-शर्ट मिळाला नव्हता.

दर महिन्याला थोडे पैसे देणारे सदस्य जमवावेत, पेट्रिऑनसारखे, असंही मी सुचवलं होतं. ती वाट इथल्या वाचकाला अवघड आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांना रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले आणि अशा विदेशी वर्गण्या अनेकांच्या अडकू लागल्या. वर्षातून एकदा यूपीआयने एकशेसाठ रुपये देणं आपल्या माणसाला सोपं वाटतं. हातात पुस्तक येतं, आणि ते तो भावाला वाचायला देतो.

नागपूरच्या छापखान्यात ऐंशी पानी, आत काळीपांढरी, रंगीत मुखपृष्ठाची दोनशे प्रत अडुसष्ट रुपयांनी पडली, म्हणजे तेरा हजार सहाशे. आगाऊ आले एकवीस हजार नऊशे वीस. उरलेल्या त्रेसष्टपैकी एक्कावन्न वर्षभरात विकल्या गेल्या, बारा भेटीत गेल्या. पुस्तकातून वर्षाला उरले सोळा हजार चारशे ऐंशी.

मोठी रक्कम आली ती ज्याची आम्ही कल्पनाच केली नव्हती तिथून. तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांना उन्हाळ्यात काय काळजी घ्यावी यावर आठ पानांची चित्रपुस्तिका हवी होती अशा एका संस्थेने संकेतस्थळावरून तिला शोधलं. पंधरा हजार दिले. ‘आमच्या बायांना तुमच्या नानीसारखं बोलणारी कुणीतरी हवी’ असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी दुसरं तसंच काम आलं, तेवढ्याच पैशांचं. पहिल्या कामात कागदावर काहीच नव्हतं. दुसऱ्यात सीएच्या मुलीने, ती वकील आहे, चार ओळी लिहून दिल्या: नानी हे पात्र चित्रकाराचं, संस्थेला फक्त ही पुस्तिका छापायचा हक्क, तोही दोन वर्षं आणि महाराष्ट्रापुरता. कायद्यात, हक्क लिहून देताना मुदत घातली नाही तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश घातला नाही तर सारा भारत. चार ओळी लिहायला पाच मिनिटं लागली.

तर दूल्हेभाई, हा हिशेब. पुस्तक सोळा हजार चारशे ऐंशी, चित्राची कामं तीस हजार. वर्षाचे सेहेचाळीस हजार चारशे ऐंशी, महिन्याचे साधारण तीन हजार नऊशे. जाहिरातीचे धरले नाहीत, ते अजून गुगलकडेच आहेत. एका भागाला चौदा तास लागतात, महिन्याला दोन भाग होतात, आणि पुस्तकाचे तास मोजलेच नाहीत. यावर घर चालत नाही, शिकवण्या सोडू नकोस असं मीही तिला सांगतो. पण ‘लाख लोकांनी पाहिलं तरी काही मिळत नाही’ असं जे आपण चहा पिता पिता म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. लाखांनी काही दिलं नाही. चारशे बारांनी दिलं. आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाचं गाव तिला पाठ आहे.

माझे अठरा हजार तिने सप्टेंबरमध्ये परत केले. मी नको म्हणालो, तिने ऐकलं नाही. सदतीस टी-शर्ट अजून आमच्या कपाटात आहेत. अम्मी त्यातला एक काढून फडताळं पुसते, नाकाची बाजू आतल्या अंगाला ठेवून.